दात खोल म्हणजे पकड घट्ट?
डोंगरवाटेचा बूट आणि रस्त्याचा बूट

गेल्या ऑक्टोबरातील एका रविवारी आमच्या शेजारचा मुलगा उजवा हात गळ्यात बांधूनच घरी आला. सिंहगडावर धावायला गेला होता. मनगट मोडले नव्हते, मुरगळले होते. पण त्याच्या आईचा राग हातापेक्षा बुटावर अधिक होता.

"भाऊ, आता तुम्हीच विचारा याला," ती माऊली आम्हाला म्हणाली. "चार हजाराचे बूट घेतले. म्हणे डोंगरासाठी खास आहेत, घसरत नाहीत. आणि हा आला घसरून!"

मुलगा खाली मान घालून बसला होता. थोड्या वेळाने म्हणाला, "काका, मातीत काही झालं नाही. ओल्या कातळावर पाय ठेवला आणि गेलोच. जुन्या बुटांत त्याच कातळावरून मी दहा वेळा उतरलोय."

वाचकहो, हे वाक्य आमच्या डोक्यात राहिले. जुने बूट म्हणजे साधे, रस्त्यावर धावण्याचे, झिजलेले बूट. नवे बूट डोंगराचे, खाली सहा मिलिमीटर खोल दातांचे. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले होते की दात जेवढे खोल तेवढी पकड घट्ट. मग खोल दातांचा बूट घसरला आणि गुळगुळीत बूट टिकला, असे कसे?

हा मुलगा पहाटे पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरचा सराव करतो, आणि रविवारी डोंगरावर धावतो, कारण हिवाळ्यात डोंगरी शर्यती भरतात आणि त्यांत बक्षिसे असतात. त्याच्यासारखी पुष्कळ मुले-मुली आता आपल्या वस्त्यांत आहेत. वर्षाकाठी बुटाचा एक जोड घेणेच घराला जड जाते. तो जोड चुकला तर चार हजारांबरोबर वर्षही जाते. म्हणून आम्ही या विषयात थोडे खोल शिरलो. वाणिज्य शाखेचा माणूस पदार्थविज्ञानात काय सांगणार, असे कोणी म्हणेल. परंतु जमा-खर्चाची सवय येथेही उपयोगी पडली. बुटात एका बाजूला काही जमा झाले की दुसऱ्या बाजूला काही खर्ची पडतेच.

दातांचे काम कोणते?

बुटाच्या सोलखाली जे उंचवटे असतात त्यांना इंग्रजीत लग म्हणतात. आपण त्यांना दातच म्हणू. रस्त्याच्या बुटाला असे दात जवळजवळ नसतात. सपाट रबरावर एक-दोन मिलिमीटरच्या खाचा, एवढेच. पुष्कळ बुटांत रबरसुद्धा झिजणाऱ्या जागीच लावलेले असते आणि मधे फोम उघडाच असतो. डांबरावर तेवढे पुरते. मिश्र डोंगरवाटेच्या बुटाला साधारणतः तीन ते चार-साडेचार मिलिमीटरचे दात असतात, मऊ मातीच्या बुटाला पाच-सहाचे. इंग्लंडच्या ओल्या गवताळ डोंगरांवर आणि दलदलीत धावणाऱ्यांसाठी आठ मिलिमीटरपर्यंत दात असलेले बूटही मिळतात.

ही कल्पना जुनी आहे. 1935 साली आल्प्स पर्वतात वादळात सापडून व्हिताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाचे सहा साथीदार मृत्यू पावले. त्या काळी पायथ्यापासून चालायला खिळे ठोकलेले जड बूट आणि खडक चढायला हलके, मऊ तळाचे बूट वापरत. हलक्या बुटांत थंडी-बर्फाचा निभाव लागत नसे. ब्रामानीने रबराचा असा सोल करायचे ठरवले की जो खडक आणि बर्फ दोन्हींवर चालेल. 1937 मध्ये त्याने दातेरी रबरी सोल बाजारात आणला. त्याच्या नक्षीला नाव दिले कारार्माटो, म्हणजे रणगाडा. त्याच्या स्वतःच्या नावातून विब्राम ही कंपनी झाली. 1954 साली के-2 शिखर प्रथम सर करणाऱ्या इटालियन तुकडीच्या पायांत याच सोलचे बूट होते.

आता रणगाड्याचा पट्टा कशात चालतो ते आठवा. चिखलात आणि मऊ जमिनीत. त्याचा दात मातीत शिरतो आणि मागची माती ढकलून पुढे जातो. बुटाच्या दाताचेही तेच काम आहे. म्हणजे दाताला शिरायला जागा हवी. माती, गवत, चिखल, सैल मुरूम यांत तो शिरतो. कातळात तो शिरणार नाही. तेथे दात जमिनीवर नुसता उभा राहतो.

आणि उभा राहिला की दोन गोष्टी घडतात. पहिली अशी की सगळ्या सोलऐवजी फक्त दातांची टोके कातळाला टेकतात. दातांमधली मोकळी जागा हवेत राहते, तिचा पकडीला काही उपयोग नाही. लाकूड लाकडावर घासते तेव्हा टेकणारी जागा लहान की मोठी याने फार फरक पडत नाही, असे आपण शाळेत शिकलो. रबराचे तसे नाही. रबर खडकाच्या बारीक खाचखळग्यांत दबून बसते आणि चिकटते. थोड्या जागेवर फार दाब आला की त्या दाबाच्या मानाने त्याची पकड कमी होत जाते.

दुसरी गोष्ट समजायला घरातले खोडरबर घ्या. ते आडवे धरून कागदावर घासले तर घट्ट बसते. उभे धरून घासले तर वाकते, आणि त्याची एकच कड कागदाला लागते. खोल दात म्हणजे उभे खोडरबर. उतारावर शरीराचे वजन पुढे आले की तो वाकतो आणि त्याचे टोक कातळावरून उचलले जाते.

आमच्या शेजारच्या मुलाचे नेमके हेच झाले. जुन्या बुटाचे झिजलेले सपाट रबर संपूर्ण टेकत होते. नव्या बुटाचे दात लांब, एकमेकांपासून दूर, आणि कातळ ओला. जो बूट मातीत राजा होता तो कातळावर टाचांवर उभ्या राहिलेल्या माणसासारखा डळमळला.

पकड दाताची की रबराची?

मग डोंगरासाठी रस्त्याचेच बूट घ्यावेत काय? तसेही नाही. कातळावरची पकड दातांपेक्षा रबराच्या जातीवर ठरते. काही रबर मऊ आणि चिकट असते, काही कडक. कडक रबर वर्षानुवर्षे झिजत नाही, म्हणून स्वस्त बुटांना तेच लावतात. त्यावर दात कापले की बूट दिसायला डोंगरी होतो, पण ओल्या दगडावर काच घसरावी तसा घसरतो. मऊ रबर खडकाच्या खरखरीत पृष्ठभागावर दबून बसते, म्हणून धरते. अर्थात ते लवकर झिजते. येथेही जमेच्या समोर खर्च आहेच.

ओल्या दगडाचेही दोन प्रकार आहेत आणि ते ओळखता आले पाहिजेत. नुसते पाणी असलेला खडबडीत काळा कातळ चांगल्या रबराला दाद देतो, कारण पाय दाबला की पाणी खळग्यांत जाते आणि उंचवट्यांवर रबर टेकते. शेवाळ धरलेला दगड मात्र कोणत्याही बुटाला दाद देत नाही. तेथे रबर आणि दगड यांच्यामध्ये बुळबुळीत थर असतो, रबर दगडापर्यंत पोहोचतच नाही. हिरवट किंवा काळी चकाकी दिसली तर बुटाची किंमत विसरावी आणि पाय दुसरीकडे ठेवावा. दुसरी जागा नसेल तर पाऊल छोटे, तळवा संपूर्ण टेकलेला, वजन बरोबर पावलावर, आणि धाव बंद.

रबर मऊ आहे की कडक, हे दुकानात उभ्या उभ्या पाहता येते. दाताच्या टोकावर अंगठ्याचे नख दाबावे. नख थोडे रुतले आणि खूण सावकाश भरून आली तर रबर मऊ. नख नुसतेच सरकले तर ते प्लास्टिकच्या बादलीसारखे कडक समजावे. घरी दुसरी परीक्षा करावी. मोरीतील गुळगुळीत फरशी ओली करावी, बुटात हात घालून जोर देऊन पुढे ढकलावे. शेजारी जुना बूट तसाच ढकलून पाहावा. कोणता अडतो आणि कोणता सरकतो हे हातालाच कळते. ही परीक्षा नव्या बुटाची करताना दोन-तीन वेळा बाहेर चालून मग करावी, कारण कारखान्यातून आलेल्या रबरावर बहुधा गुळगुळीत थर असतो आणि तो जाईपर्यंत नवा बूट थोडा घसरतोच.

वाटेचा जमाखर्च

दोन आठवड्यांनी हात बरा झाल्यावर आम्ही त्या मुलाबरोबर सिंहगडाला गेलो. आम्ही अर्थातच धावणारे नव्हे, मागून धापा टाकत चढणारे. आतकरवाडीहून पुणे दरवाजापर्यंत जाणारी पायवाट पुण्याच्या धावणाऱ्यांच्या ओळखीची आहे. अंतर तीन किलोमीटरच्या आतच, पण चढ सुमारे सहाशे मीटर. म्हणजे वाट नुसती उभी आहे. आम्ही खिशात छोटी वही घेतली होती. चढताना ठिकठिकाणी थांबून पुढची शंभर पावले कशावर पडतात ते लिहिले.

वरपर्यंत गेल्यावर बेरीज केली. त्या दिवशी शंभरातली सुमारे चाळीस पावले रुतून बसलेल्या किंवा सुट्या दगडांवर पडली, तीस मुरमावर, वीस सरळ कातळावर, आणि मऊ माती म्हणावी अशी जेमतेम दहा. ही मोजणी आमच्या डोळ्यांची आहे, सर्वेक्षण खात्याची नव्हे. पण तिच्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसली. मुलाने घेतलेला बूट शंभरातल्या दहा पावलांसाठी उत्तम होता.

मुरमाचे काय, असे कोणी विचारील. मुरमातही प्रकार आहेत. जाड, सैल मुरमात दात शिरतो. पण हिवाळ्यानंतर वाट तुडवून तुडवून कडक होते आणि तिच्यावर हरभऱ्याएवढे खडे पसरलेले राहतात. तेथे पाय म्हणजे गोट्यांवर ठेवलेला पाट. खोल दात खालच्या कडक जमिनीत शिरू शकत नाही, सपाट सोल खड्यांवर तरंगतो. मध्यम उंचीचे दात आणि त्यांच्यात खडा बसेल एवढी फट असली तर काही खडे त्या फटीत जातात आणि दाताचे टोक जमिनीला लागते. येथे चार मिलिमीटरचा दात बरा. तरीही घसारा तो घसाराच. उतरताना तेथे टाच रोवून मागे झुकले की माणूस बसलाच म्हणून समजा. गुडघे थोडे वाकवून, जलद आणि छोटी पावले टाकत उतरणारा टिकतो.

दातांची दिशाही पाहावी. पुष्कळ बुटांत पुढच्या भागातील दातांची सरळ कड मागे तोंड करून असते आणि टाचेखालील दातांची कड पुढे. पुढचे दात चढताना ढकलायला, टाचेचे दात उतरताना ब्रेक लावायला.

हीच वाट जुलैत पाहिली तर आमची वही खोटी ठरेल. पावसात माती भिजते, मुरूम चिखल होतो, आणि दहाची मऊ जमीन पन्नासावर जाऊ शकते. तेव्हा पाच-सहा मिलिमीटरचे, दूर दूर बसवलेले दात खरे कामाला येतात. दूर दूर एवढ्यासाठी की जवळजवळच्या दातांत चिखल भरून बसतो आणि दहा पावलांत सोल सपाट भाकरीसारखा होतो. म्हणजे त्या मुलाचा बूट वाईट नव्हता, ऋतू चुकला होता.

रॉक प्लेट म्हणजे काय?

खाली उतरून झाडाखाली बसलो तेव्हा मुलाने दुसरी तक्रार सांगितली. जुने रस्त्याचे बूट घसरत नव्हते हे खरे, पण ते घालून डोंगर उतरला की दोन-दोन दिवस चवड्याखाली दुखे. वरून सूज नाही, काळेनिळे काही नाही. बोटांच्या मागच्या हाडाच्या उंचवट्यावर दाबले की कळ येई. हा दगडाचा मुका मार. टोकदार दगडावर पाय पडला की मऊ फोम तेवढ्याच जागी दबतो आणि टोक पायाला लागते.

हिशेब करून पाहा. साठ किलोचा माणूस धावतो तेव्हा प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन-अडीच पट भार पडतो, म्हणजे दीडशे किलोपर्यंत. त्यातला निम्मा, पंच्याहत्तर किलो, एका चौरस सेंटिमीटरच्या दगडी टोकावर आला असे धरू. आता सोलच्या आत एक पातळ ताठ पट्टी घातली आणि तोच भार पंधरा चौरस सेंटिमीटरवर पसरला, तर प्रत्येक ठिकाणी पाचच किलो. खिळा उघडा असला तर पायात घुसतो, त्यावर फळी टाकली तर त्याच खिळ्यावर आपण उभे राहू शकतो. रॉक प्लेट ही ती फळी.

ही पट्टी साधारण एक-दोन मिलिमीटर जाडीची, कठीण प्लास्टिकची, नायलॉनची किंवा क्वचित कार्बनच्या धाग्यांची असते. ती फोम आणि खालचे रबर यांच्यामध्ये, किंवा फोमच्या दोन थरांमध्ये बसवतात. बहुधा ती चवड्याखालीच असते, कारण टाचेखाली फोम मुळातच जाड असतो. सगळ्याच डोंगरी बुटांत ती नसते. होका कंपनीच्या स्पीडगोट या प्रसिद्ध डोंगरी बुटात प्लेट नाही, तेथे जाड फोमच दगडाचे टोक गिळतो. पण फोम जुना होऊन दबला की हे संरक्षण कमी होते. प्लेटचे तसे होत नाही.

येथे एका गैरसमजाविषयी सांगितले पाहिजे. 2017 पासून रस्त्यावरच्या शर्यतीच्या महागड्या बुटांत कार्बनची वक्र पट्टी येऊ लागली. ती वेगासाठी आहे. पाऊल पुढे लोटताना बूट ताठ राहावा आणि वरचा जाड, उसळणारा फोम नीट काम करावा म्हणून ती घातलेली असते. 'कार्बन प्लेट' एवढे दोन शब्द वाचून तो बूट दगडांसाठी घेतला तर पैसे जातील आणि पायही मुरगळेल, कारण त्याचा फोम उंच आणि डळमळता असतो.

आता प्लेटचा खर्च पाहू. ताठ पट्टी आली की बूट कमी वाकतो. नरम बूट दगडावर पडला की त्याच्याभोवती थोडा वळतो, रबर अधिक जागी टेकते आणि पायाला खालची जमीन कळते. ताठ बूट वळत नाही. दगड प्लेटच्या मधोमध आला तर उत्तम, पण एका कडेखाली आला तर सगळा पाय त्या बाजूला कलतो. खालच्या खड्यावर पाट डुगडुगतो ना, तसाच. म्हणजे चवडा वाचवता वाचवता घोटा धोक्यात येऊ शकतो. शिवाय प्लेट फक्त खालून येणारा दगड अडवते. अंगठा दगडावर आपटला तर तेथे बुटाच्या नाकाशी रबराची जाड टोपी हवी. डोंगरी बुटाला ती असते, रस्त्याच्या बुटाला नसते.

बुटात प्लेट आहे की नाही, हे खोक्यावर लिहिलेले असेलच असे नाही. लिंबाएवढा टोकदार दगड जमिनीवर ठेवावा, बुटाचा चवडा त्यावर टेकवून आत हात घालून जोराने दाबावे. टोक एका जागी बोटांना टोचले तर प्लेट नाही. टोक न लागता सगळा तळ एकसारखा वर आल्यासारखा वाटला तर आहे. मग बूट दोन्ही हातांनी वाकवून पाहावा. तो बोटांच्या सांध्याशी वाकला पाहिजे. अजिबात वाकत नसेल तर प्लेट फार ताठ आहे, लांब धावेत पोटऱ्या आणि टाच बोलू लागतील. मधेच, कमानीपाशी, दुमडत असेल तर बूट डोंगराच्या कामाचा नाही.

मुक्या माराविषयी एक सूचना. दगडाचे दुखणे विश्रांतीने काही दिवसांत कमी होत जाते. दुखणे दिवसेंदिवस वाढत असेल, पावलाच्या वरच्या बाजूला सूज आली असेल किंवा हाडाच्या एकाच बिंदूवर तीव्र कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. तेथे बूट बदलून भागत नाही, धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी घेतले काय?

त्या मुलाच्या एका मित्राकडे चार मिलिमीटर दातांचे, मऊ रबराचे आणि पातळ प्लेटचे बूट होते. माप जुळत होते. पुढच्या रविवारी तो ते घालून त्याच वाटेने गेला. ज्या कातळावर पडला होता तेथे अजून पाणी झिरपत होते. तेथे तो सावकाश, पूर्ण तळवा टेकून उतरला आणि पाय धरला. मुरमावर दोन ठिकाणी सरकला, पण सावरला. चवडा दुखला नाही. मऊ मातीच्या एका उतारावर मात्र म्हणाला, "काका, इथे माझेच बूट चांगले होते." अगदी खरे होते ते.

मग डांबराचा प्रश्न आला. त्याची आठवड्यातली सहा दिवसांची धाव रस्त्यावर आणि मैदानावर असते, डोंगर एकच दिवस. खोल दातांचे बूट डांबरावर चालवले तर काय होते ते त्याच्या नव्या बुटांवरच दिसत होते. महिनाभर ते रस्त्यावरही वापरल्यामुळे चवड्याखालच्या दातांच्या कडा गोल झाल्या होत्या. आगकाडी दातांच्या फटीत उभी धरून, नखाने खूण करून, पट्टीवर मोजली. टाचेपाशी सहा मिलिमीटर, चवड्याखाली चारच्याही आत. डांबर हे दातांना कानस आहे. दाताची कड गोल झाली की उंची शिल्लक असूनही मातीतली पकड कमी होते. आणि डांबरावर दातांचा फायदा तर काहीच नाही, उलट खुंट्यांवर धावल्यासारखे पायाला लागते.

म्हणून आम्ही असा हिशेब मांडला. आपल्या आठवड्याच्या धावेतील तीनपैकी दोन भाग किंवा अधिक डांबर-मैदान असेल आणि डोंगरवाट साधी, मातीची असेल, तर एकच जोड रस्त्याचा घ्यावा आणि दगडाळ उतारावर चालावे. निम्मे-निम्मे असेल तर सुमारे तीन मिलिमीटर दातांचा, दोन्हीकडे चालणारा बूट घ्यावा. असे बूट आता मिळतात. डोंगर अधिक आणि तोही सह्याद्रीचा, कातळ-मुरूम-दगडांचा असेल, तर साडेतीन ते साडेचार मिलिमीटरचे दात, मऊ रबर आणि वाकणारी पातळ प्लेट. पाच-सहाचे दात पावसाळ्यातल्या मातीसाठी.

त्या मुलाने जुने रस्त्याचे बूट सोळाशे मीटरच्या सरावाला ठेवले. सहा मिलिमीटरचे बूट स्वच्छ करून, आत कागद भरून, पुढच्या जूनसाठी माळ्यावर टाकले. आणि मित्राचे बूट त्याने डिसेंबरपुरते मागून घेतले, बदल्यात पावसाळ्यात आपले द्यायचे असे ठरवून. नवा पैसा खर्च झाला नाही. त्याच्या आईला हा व्यवहार पसंत पडला.

डिसेंबरच्या शर्यतीत त्याचा बाविसावा क्रमांक आला. बक्षीस नव्हते. पण उतरताना तो एकदाही पडला नाही, आणि सोमवारी पहाटे नेहमीप्रमाणे मैदानावर होता. घरी आल्यावर त्याच्या आईने आधी त्याचे तळवे पाहिले, मग बुटांचे. म्हणाली, "भाऊ, दात झिजले का हो याचेही?"

आम्ही आगकाडी मागितली.